खोक्यावर दंडाचे माप लिहा

रक्तदाब मोजायचे डिजिटल यंत्र विकत घेताना गिऱ्हाईक साधारण तीन गोष्टी विचारतो. किंमत किती, वॉरंटी किती वर्षांची आणि सेल लागतात की चार्जिंग. दंडाचा घेर किती आहे, हे ना गिऱ्हाईक विचारतो ना दुकानदार. यंत्राचा आकडा खरा येणार की खोटा, हे ठरवणाऱ्या गोष्टींत मात्र तो घेर अगदी वरच्या स्थानी आहे.

मी एका सर्जिकलच्या दुकानासाठी मराठी माहिती लिहून देतो. खोक्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या, व्हॉट्सअॅपवर फोटोखाली टाकायच्या ओळी, काउंटरवरचे फलक, असे किरकोळ काम आहे. त्यानिमित्ताने बीपीची यंत्रे आणि थर्मामीटर यांची बरीच वर्णने वाचनात येतात. ‘१०० टक्के अचूक’, ‘डॉक्टरमान्य’, ‘हार्ट अटॅकची आगाऊ सूचना’, ‘बीपी कंट्रोलमध्ये ठेवणारे यंत्र’ असे काय काय त्यात असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, या वर्णनांत जे हवे ते नसते आणि जे नको तेच ठळक अक्षरांत असते. मोजणाऱ्या यंत्राबद्दल लिहायचे तर ते कोणाला लागू पडते आणि कितपत नेमके मोजते, हे लिहावे. आजार आहे की नाही, हे त्याच्या तोंडी घालू नये.

आधी पट्ट्याचे बघू. इंग्रजीत त्याला कफ म्हणतात, आपल्याकडे ‘पट्टा’ किंवा ‘दंडाचा पट्टा’ हे शब्द चालतात. कापडी पट्ट्याच्या आत रबरी फुगा असतो. तो फुगून दंडातली धमनी दाबतो, मग हवा हळूहळू सोडली जाते आणि धमनीतल्या ठोक्यांची थरथर यंत्र टिपते. या थरथरीवरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या हिशेबाने काढला जातो. हा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा असतो. फुग्याचा दाब दंडाच्या आत धमनीपर्यंत नीट पोचला पाहिजे. फुगा दंडाच्या मानाने लहान असेल, तर दाब पुरेसा आत जात नाही. धमनी बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र तोच वाढीव दाब रक्तदाब म्हणून दाखवते. पट्टा फार मोठा असेल, तर याच्या उलट होते आणि आकडा खरा असतो त्याहून कमी येतो.

यासाठी जुना आणि सोपा नियम आहे. फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के असावी आणि रुंदी ४० टक्के. समजा फुगा २४ सेंटीमीटर लांब आहे. दंडाचा घेर ३० सेंटीमीटर असेल, तर २४ म्हणजे बरोबर ८० टक्के, ठीक आहे. घेर ३८ असेल, तर तोच फुगा ६३ टक्केच दंड वेढतो. पट्ट्याचे कापड लांब असल्यामुळे वेल्क्रो कसेबसे चिकटते आणि घरच्यांना वाटते की पट्टा बसला. प्रत्यक्षात बसलेले असते ते कापड, आतला फुगा अपुराच राहतो.

आकडा कितीने चुकतो, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९५ प्रौढांचा रक्तदाब डिजिटल यंत्राने योग्य पट्टा लावून आणि चुकीचा पट्टा लावून मोजला गेला. ज्यांना मोठा पट्टा हवा होता, त्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी ४.८ पॉइंटने जास्त आला. ज्यांना त्याहून मोठा, म्हणजे एक्स्ट्रा लार्ज पट्टा हवा होता, त्यांचा आकडा सरासरी १९.५ पॉइंटने वाढला. लहान पट्टा हवा असलेल्या बारीक दंडाच्या माणसांचा आकडा उलट ३.६ पॉइंटने कमी आला. यंत्र बिघडलेले नव्हते आणि माणसेही तीच होती. बदलला तो फक्त पट्टा.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचे उदाहरण देतो. त्यांच्या मुलाने यंत्र आणले होते आणि आकडे सारखे वर दाखवत होते. यंत्रासोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटरचा होता. बाजारातल्या बऱ्याच यंत्रांसोबत हाच पट्टा येतो. शिंप्याच्या टेपने मोजल्यावर खालांचा दंड ३८ सेंटीमीटर भरला. मग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा २२ ते ४२ सेंटीमीटरचा पट्टा मागवला. पाच मिनिटे शांत बसवून, एकेक मिनिट थांबत, आलटूनपालटून दोन्ही पट्टे लावले. लहान पट्ट्यावर १४६ आणि १४४ आले, मोठ्या पट्ट्यावर १३८ आणि १३६. सरासरी काढली तर एकीकडे १४५ आणि दुसरीकडे १३७.

आपल्याकडे दवाखान्यात मोजलेल्या रक्तदाबासाठी १४०/९० ही उच्च रक्तदाबाची रेघ साधारणपणे धरली जाते. म्हणजे एकाच बाईला एकाच सकाळी एक पट्टा रेघेच्या पलीकडे ढकलत होता आणि दुसरा अलीकडे आणत होता. म्हणून खालांना रक्तदाबाचा त्रास नाही, असे कोणी म्हणेल का? मी म्हणणार नाही आणि म्हणायचा मला अधिकारही नाही. एका दिवसाच्या चार आकड्यांवरून ‘आहे’ ठरत नाही, तसे ‘नाही’ही ठरत नाही. शिवाय घरी मोजलेल्या आकड्यांसाठी डॉक्टर बहुधा १३५/८५ ची रेघ धरतात, तिथे १३७ पुन्हा पलीकडेच जातो. त्यांच्या डॉक्टरांनी सात दिवसांची नोंद मागितली. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मोठ्या पट्ट्यानेच. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी ते बघणार होते. दुकानाचे काम त्याआधीच संपायला हवे होते. खोक्यावर ‘३२ सेंटीमीटरपेक्षा जास्त घेराच्या दंडाला हा पट्टा चालणार नाही’ एवढे ठळक लिहिले असते, तर पुढची धावपळ वाचली असती.

दंड मोजणे अवघड नाही. हात सैल सोडायचा. खांद्याच्या टोकाचे हाड आणि कोपराचे हाड यांच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळायची, आवळायची नाही. जो आकडा येईल तो पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. घेर नेमका मर्यादेच्या टोकावर आला, तर पुढच्या मापाचा पट्टा मिळतो का ते विचारावे. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळी जुळते म्हणून जोडू नये, कारण यंत्राचा हिशेब त्याच्या स्वतःच्या पट्ट्यावर बसवलेला असतो.

याला जोडूनच बाहीचा मुद्दा येतो. आपल्या घरांतल्या पुष्कळ बायका पूर्ण बाहीचा कुर्ता किंवा बुरखा घालतात आणि परक्यासमोर बाही वर करायला संकोचतात. मग पट्टा बाहीवरून बांधला जातो किंवा घट्ट बाही सरकवून दंडावर गोळा केली जाते. दोन्हीमुळे आकडा बिघडू शकतो. गोळा झालेली बाही तर स्वतःच एक पट्टा बनून दंड आवळते. विकणाऱ्याने अशा वेळी मनगटी यंत्र पुढे केले की गिऱ्हाईक खूश होतो. मनगटी यंत्र वाईट नसते, पण ते हृदयाच्या पातळीवर धरले नाही तर आकडा हलतो. हात हृदयापेक्षा जितके सेंटीमीटर खाली, तितके साधारण पाऊण पाऊण पॉइंट वाढतात. मांडीवर हात ठेवून मोजले आणि अंतर वीस सेंटीमीटर असेल, तर पंधरा पॉइंट नुसत्या बसण्याच्या पद्धतीने चढले. म्हणून मनगटी यंत्राखाली ‘वापरायला सोपे’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. ‘मोजताना मनगट छातीच्या पातळीवर ठेवा’ हे त्याच ओळीत आले पाहिजे. आणि दंडाच्या यंत्राखाली ‘सैल बाहीचे कपडे घाला किंवा दंड उघडा ठेवून मोजा’ हे लिहायला काय हरकत आहे?

आता अचूकतेकडे येऊ. खोक्यावर ‘अचूकता ±३ मिमी पारा’ असे छापलेले असते आणि मराठीत लिहिणारा त्याचे सरळ ‘तुमचा रक्तदाब ३ पॉइंटच्या फरकात अचूक’ करून टाकतो. हे चूक आहे. तो ३ चा आकडा यंत्रातला दाबमापक हवेचा दाब किती नेमका मोजतो, याचा आहे. माणसाच्या दंडावर रक्तदाब किती नेमका येतो, ही वेगळी परीक्षा. तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, ISO 81060-2. त्यानुसार साधारण ८५ माणसांवर यंत्राचे आकडे आणि प्रशिक्षित तपासनिसांनी मोजलेले आकडे ताडून बघतात. सरासरी फरक ५ पॉइंटच्या आत असावा आणि फरकांचा विखार, ज्याला सांख्यिकीत प्रमाण विचलन म्हणतात, ८ च्या आत असावा, अशी मुख्य अट आहे. याचा साध्या भाषेत अर्थ काय? परीक्षा पास झालेल्या यंत्राचेसुद्धा एखाद्या माणसावर घेतलेले एखादे माप ८-१० पॉइंटने इकडेतिकडे असू शकते. यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ होत नाही. दंडाबाहेरून आतला दाब ओळखायची ही पद्धतच तशी आहे. म्हणूनच एक आकडा बघून घाबरू नये, दोन-तीन मापांची सरासरी बघावी.

ही परीक्षा कंपनीच्या नावाला लागू होत नाही, मॉडेलला होते. एकाच कंपनीचे एक मॉडेल तपासलेले असते आणि दुसरे नसते. stridebp.org या संकेतस्थळावर तपासलेल्या मॉडेलांची यादी मिळते. वर्णनात मॉडेल नंबर पूर्ण लिहावा, म्हणजे ज्याला बघायचे तो बघू शकेल. ‘डॉक्टरमान्य’ या शब्दाला काहीच अर्थ नाही. कोणत्या डॉक्टरने मान्य केले, कोणत्या परीक्षेनंतर? त्याचप्रमाणे सरकारी परवाना क्रमांक ही चांगली खूण असली, तरी ‘सरकारने अचूकतेची हमी दिली’ असे तिचे भाषांतर होत नाही. गरोदर बाई असेल किंवा ज्याच्या हृदयाचे ठोके कायम अनियमित असतील, अशांसाठी साध्या परीक्षेचा निकाल पुरत नाही. गरोदरपणासाठी यंत्राची वेगळी तपासणी लागते. तशी झाली नसेल, तर ‘सर्वांसाठी उपयुक्त’ हे दोन शब्द खोडलेले बरे.

थर्मामीटरची गोष्ट याहून सोपी वाटते, पण घोळ तिथेही हाच आहे. काखेत किंवा तोंडात ठेवायच्या डिजिटल थर्मामीटरवर ±०.१ अंश सेल्सिअस आणि कपाळासमोर धरायच्या बंदुकीवर ±०.२ किंवा ±०.३ असे छापलेले असते. ही अचूकता प्रयोगशाळेतली असते. काखेत नीट न दाबलेला थर्मामीटर, नुकताच चहा प्यायलेले तोंड, घामाने ओले कपाळ, उन्हातून आलेला माणूस, यातले काहीही त्या आकड्यात धरलेले नसते. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरनहाइट, कमी असतो. तेव्हा ‘कुठे मोजले’ हे सांगितल्याशिवाय तापाचा आकडा अर्धवटच राहतो. वर्णनात ‘काखेसाठी’, ‘तोंडासाठी’, ‘कपाळासाठी, ३ ते ५ सेंटीमीटर अंतरावरून’ असे जे पत्रकात असेल ते स्पष्ट लिहावे. बंदुकीवर बहुधा दोन मोड असतात, एक माणसासाठी आणि एक वस्तूसाठी, म्हणजे दुधाची बाटली वगैरे. वस्तूच्या मोडवर कपाळ मोजले, तर अंगात ताप असताना यंत्र गार आकडा दाखवते. हे एक वाक्य कोणत्याही ‘सुपर फास्ट सेन्सर’पेक्षा मोलाचे आहे.

कोरोनाच्या काळात याच बंदुका ‘कोरोना तपासणी यंत्र’ म्हणून विकल्या गेल्या. विषाणू अंगात असूनही ताप नसलेली माणसे कमी नव्हती आणि ताप असलेल्या प्रत्येकाला कोरोना नव्हता. बंदूक तापमान मोजत होती. तिला तपासणी यंत्र म्हटल्यामुळे दारात ‘पास’ झालेला माणूस स्वतःला निरोगी समजून बिनधास्त आत बसत होता. चुकीच्या शब्दाने नुसते घाबरवलेच जाते असे नाही, खोटा दिलासाही दिला जातो आणि तो जास्त महागात पडतो.

बीपीच्या यंत्रावरची रंगीत पट्टीही याच जातीची आहे. हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात. २०१७ पासून अमेरिकी मार्गदर्शक सूचना १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब धरतात. आपल्याकडे दवाखान्यासाठी १४०/९० धरतात. म्हणजे १३४/८४ या आकड्याला कोणता रंग मिळेल, हे कंपनीने कोणते कोष्टक छापले त्यावर अवलंबून आहे. म्हणून ‘लाल म्हणजे बीपीचा आजार’ असे लिहिण्यापेक्षा ‘रंग ही फक्त आकड्याची खूण आहे, अर्थ डॉक्टरांना विचारा’ हे योग्य. यंत्रावरच्या हृदयाच्या चिन्हाचेही तसेच. ठोके अनियमित वाटले की ते लुकलुकते. मराठीत त्याचे ‘हृदयविकार ओळखणारे यंत्र’ झालेले मी वाचले आहे. हात हलला, बोलणे चालू राहिले तरी ते चिन्ह उमटू शकते. ‘चिन्ह दिसल्यास शांत बसून पुन्हा मोजा, वारंवार दिसल्यास डॉक्टरांना दाखवा’ एवढे लिहिले की काम झाले.

दुकानदारांचा आक्षेप मला ठाऊक आहे. इतके कोण वाचतो, आणि ‘निदान करत नाही’ असे लिहिले तर माल खपेल कसा? माझे उत्तर असे की, लांब लिहायची गरजच नाही. एक जुनी ओळ घ्या: ‘१०० टक्के अचूक, डॉक्टरमान्य, बीपी आणि हार्टचे आजार घरबसल्या ओळखा, सर्वांसाठी उपयुक्त.’ तिच्या जागी मी हे लिहून देतो: ‘दंडावर रक्तदाब आणि नाडीचे ठोके मोजण्याचे यंत्र. पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी, घेण्याआधी दंड मोजा. मोठा पट्टा वेगळा मिळतो. आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. या आकड्यांवरून स्वतः औषध सुरू, बंद किंवा कमी-जास्त करू नका.’ पाच ओळी आहेत. टेप काउंटरवर ठेवली, तर परत येणारी यंत्रेही कमी होतील, कारण ‘आकडा चुकतो’ म्हणून परत आलेल्या यंत्रांत पट्टा चुकलेली यंत्रे असतातच.

जपून लिहायचे म्हणजे तोंड बंद ठेवायचे, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. काही गोष्टी सांगायलाच हव्यात. वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर आला आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, हातपाय लुळे पडणे, बोलताना जीभ अडखळणे असे काही असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत बसू नये, थेट इस्पितळ गाठावे. ही लक्षणे असतील, तर आकडा कमी असला तरी जावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. यात यंत्र निदान करत नाही. यंत्र बाजूला ठेवून उठायची वेळ कधी येते, एवढेच आपण सांगतो.

घरात यंत्र आधीच असेल, तर आज त्याचा पट्टा उलटून बघा. त्यावर सेंटीमीटरची मर्यादा छापलेली असते. मग घरातल्या प्रत्येकाचा दंड मोजा. एकाच यंत्रावर अब्बांचा, अम्मीचा आणि बारीक दंडाच्या सुनेचा रक्तदाब मोजला जात असेल, तर तो पट्टा कोणाला चालतो आणि कोणाला नाही, हे खोक्याच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवा. कंपनीने ते लिहिलेले नसेल, तर आपणच लिहायचे.